धागा : फोटोवरून सायकलचे दाते मोजून एका पायडलला किती अंतर जाईल ते काढता येईल का?

सागरवाट
नमस्कार मंडळी. राहतो रत्नागिरीत. गुहागरकडच्या एका आजोबांची जुनी काळी सायकल विकायची आहे, म्हणजे दूधवाले-पोस्टमन चालवायचे तशी, बिनगिअरची, सळईचे ब्रेक असलेली. बघायला जायचं तर जयगड-तवसाळ फेरीबोट आणि अर्धा दिवस. त्यामुळे आधी घरबसल्या जमेल तेवढं तपासून घ्यावं असा विचार आहे.

रोजचं काम भाट्याच्या पुलापलीकडे, ते सपाटच आहे. पण अधूनमधून आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जायचं मनात आहे आणि तिथले चढ बिनगिअरच्या सायकलला कसे वाटतील ही धास्ती आहे. आजोबांना दाते किती ते माहीत नाही. त्यांच्या पुतण्याने उजव्या बाजूने एक फोटो पाठवला आहे, खाली जोडतो. चेनकव्हर गंजून गेल्यामुळे काढून टाकलंय, त्यामुळे चेन पूर्ण दिसते. टायरवर २८ × १½ लिहिलेलं आहे.

मी पुढच्या चक्राचे दाते मोजले तर एकदा ४३ आले, एकदा ४५. मागचे तर मोजताच येत नाहीत, अर्ध्यावर चेन आणि उरलेल्यात फोर्कची पट्टी आणि नट. हे फोटोवरून निघू शकतं का?

हर्णैकर
निघतं की. सोपी युक्ती सांगतो. चेन चक्राच्या अर्ध्या भागावर असते, अर्धा भाग उघडा असतो. उघडे दाते मोजा आणि दुप्पट करा. तुमचा फोटो मोठा करून बघितला. पुढे उघडे २० दिसतात, मागे पट्टीच्या आडचा एक धरून १०. म्हणजे ४० आणि २०. गुणोत्तर बरोबर २. चाकाचा घेर साधारण २.२ मीटर धरा, एका पायडलला ४.४ मीटर. एवढ्यावर आरे-वारे आरामात चढाल.

सागरवाट
अरे वा, ४.४ म्हणजे हलकीच की! धन्यवाद हर्णैकर.

कुणकेश्वरकर
माका एक समजूक नाय. दाते मोजून काय करतलास? २८ ची सायकल मोठ्या चाकाची, ती पळतलीच. माझ्या झिलाची २६ ची, ती चढाक बरी. चाक बघा, दाते सोडा.

चक्रधर
कुणकेश्वरकर, चाकाचा वाटा आहेच, पण २६ आणि २८ मधला फरक सात-आठ टक्क्यांचा. मागे १८ ऐवजी २२ दात्यांचं फ्रीव्हील बसवलं तर फरक १८ टक्क्यांचा पडतो. तुमच्या मुलाची सायकल चढाला बरी वाटते ती बहुतेक गिअरमुळे.

सागरवाट, घाईत आनंद मानू नका. हर्णैकरांची युक्ती जवळ नेते, पण ती दोन्ही चक्रांवर उलटसुलट चुकते आणि दोन्ही चुका मिळून उत्तर चांगलंच बिघडवतात.

चेन अर्ध्यावर असते हे तेव्हाच खरं, जेव्हा दोन्ही चक्रं सारख्या आकाराची असतील. इथे पुढचं मोठं, मागचं लहान. चेनचे वरचा आणि खालचा असे दोन्ही पदर मागे जाताना एकमेकांकडे झुकतात. फोटोत पट्टी धरून बघा, वरचा आणि खालचा पदर एकमेकांना समांतर नाहीत, मागे जवळ येतात. त्यामुळे चेन पुढच्या चक्राला अर्ध्यापेक्षा जास्त वेढते आणि मागच्याला अर्ध्यापेक्षा कमी. अशा जुन्या सायकलवर पुढे साधारण १९३ अंश आणि मागे १६७ अंश वेढा पडतो. म्हणजे पुढे उघडा भाग अर्ध्याहून कमी, त्याची दुप्पट केली की दाते कमी निघणार. मागे उघडा भाग अर्ध्याहून जास्त, तिथे दाते जास्त निघणार. वरची संख्या घटली, खालची वाढली, मग भागाकार पडला. सायकल आहे त्यापेक्षा हलकी वाटली.

हर्णैकर
हे पटलं. पण फरक एवढा पडेल का? पाच-सात अंशांचा तर खेळ आहे.

चक्रधर
पडतो. खऱ्या ४४ आणि १८ दात्यांच्या जोडीत उघडे दाते पुढे साधारण साडेवीस आणि मागे साडेनऊच्या थोडे वर. तुम्हाला २० आणि १० दिसले ते याच्याशी तंतोतंत जुळतं. म्हणजे तुमची नजर बरोबर होती, दुप्पट करणं चुकीचं. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४, तुमच्या हिशेबात २. जवळपास पाचवा हिस्सा गेला.

पण ही ४४-१८ अजून सिद्ध नाही, मी अंदाज केला आहे. सिद्ध कशी करायची ते लिहितो, जरा जेवून येतो.

केवडा
विषय निघालाच आहे तर माझंही विचारून घेते. माझी देवगडची सायकल २१ गिअरची, पुढे तीन चक्रं, मागे सात. उजव्या बाजूने फोटो काढला की मागची सगळी एकावर एक दिसतात, लहान पुढे आणि मोठी तिच्यामागे डोकावते. मोठ्या चक्राचे दाते फोटोत कसे मोजायचे? आणि पुढच्या मधल्या चक्राचे?

चक्रधर
केवडाताई, तुमच्या सायकलवर फोटोचा हट्ट धरू नका. पुढच्या प्रत्येक चक्रावर दात्यांचा आकडा बहुधा ठोकलेला असतो, 42T, 34T, 24T असा. मागच्या सर्वात मोठ्यावरही कधी कधी सापडतो, चिखल पुसून बघा. आकडा नसेल तर मोठ्याचे दाते डाव्या बाजूने, आऱ्यांमधून मोजा. तिथून मोठं चक्रच तुमच्या बाजूला असतं. मग २४ आणि २८ असेल तर तुमच्या सर्वात हलक्या गिअरला २६ इंची चाकावर एका पायडलमागे पावणेदोन मीटरच्या आसपास येईल. त्यावर देवगडचा चढ काय, माडाच्या झाडावरही चढाल.

आता सागरवाट, तुमचा फोटो.

पहिली गोष्ट, दाते मोजू नका, खाचा मोजा. दाता चेनखाली गेला की बाजूच्या पट्ट्यांआड लपतो, त्यामुळे उघड्या भागात दाते आणि झाकलेल्या भागात आणखी काही, असं मिसळलं की सांध्यावर एक जास्त किंवा एक कमी होतोच. तुमचे ४३ आणि ४५ तिथेच झाले आहेत. दोन दात्यांमधली खाच मात्र दोन्हीकडे दिसते. उघड्या भागात ती रिकामी असते, झाकलेल्या भागात प्रत्येक खाचेत चेनची एक पिन बसलेली असते आणि तिचं डोकं बाहेरून ठिपक्यासारखं दिसतं. खाचा जितक्या तितकेच दाते. क्रँकच्या अगदी वर असलेल्या खाचेवर स्क्रीनवर खूण करा, तिथून एका दिशेने गोल फिरा, आणि परत त्या खुणेवर आलात की ती पुन्हा मोजू नका.

क्रँकने एक-दोन खाचा झाकल्या असतील. त्या दोन्ही बाजूंच्या अंतरावरून भरता येतात, पण पुतण्याला सांगून पायडल पाव फेरी फिरवून दुसरा फोटो मागवलात तर शंकाच नको.

सागरवाट
मोजल्या. पुढे ४४, तीनदा तेच आले. पण मागच्याला फोर्कची पट्टी, स्टँडची पट्टी आणि नट, सगळं आड आहे. तिथे खाचा १४ पर्यंतच स्पष्ट दिसतात, बाकी अंदाज. आणि दुसऱ्या फोटोतही मागचं तितकंच झाकलेलं असणार ना, पट्ट्या तर हलणार नाहीत.

चक्रधर
बरोबर. आणि मागचाच आकडा जास्त महत्त्वाचा आहे. पुढे एक दाता चुकला, ४४ चे ४५ धरले, तर अंतर १२ सेंटिमीटरने बदलतं. मागे १८ चे १७ धरले तर ३० सेंटिमीटरहून जास्त. त्यामुळे मागचे दाते मोजायचे नाहीत, मापायचे.

चेन स्वतःच फोटोतली पट्टी आहे. दोन शेजारच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, साध्या सायकलपासून गिअरच्या सायकलपर्यंत हेच. आणि चेन दोन्ही चक्रांच्या सपाटीतच धावते, म्हणून जवळ-दूरची भानगड नाही. फोटो लॅपटॉपवर एवढा मोठा करा की दोन्ही चक्रं एका वेळी दिसतील. आता साधी शाळेची पट्टी स्क्रीनला लावा. चेनच्या वरच्या ताठ पदरावर २१ पिना निवडा, पहिलीपासून शेवटचीपर्यंत २० अंतरं होतात. किती मिमी येतात ते सांगा. खालचा पदर घेऊ नका, तो झोळ खातो. मग पुढच्या चक्रावर वरच्या पिनेपासून खालच्या पिनेपर्यंत, केंद्रातून जाणारं माप घ्या. तसंच मागे. दात्यांच्या टोकांपासून मोजू नका, पिनांपासूनच, नाहीतर दाता-दीड दाता वाढून बसेल.

सागरवाट
२० अंतरं १२४ मिमी. पुढचं चक्र ८७ मिमी. मागचं ३५ आणि ३६ च्या मध्ये, ३५.७ म्हणू.

चक्रधर
छान. एक अंतर ६.२ मिमी. चक्राचा घेर म्हणजे व्यास गुणिले ३.१४. तो एका अंतराने भागला की दाते.

पुढे ८७ × ३.१४ ÷ ६.२ = ४४.१.
मागे ३५.७ × ३.१४ ÷ ६.२ = १८.१.

पुढचे मोजून ४४ आलेच होते, म्हणजे पद्धत जुळली, आणि मग मागचे १८ मान्य करायला हरकत नाही. उत्तर किंचित जास्तच येतं, कारण चेन खरं तर गोल नाही, सरळ तुकड्यांचा बहुभुज आहे. मागे माप घेताना अर्धा मिमी इकडेतिकडे झालं तर पाव दात्याची चूक होते, ती चालते. एक मिमी झालं तर अर्धा दाता, मग १८ की १९ हा वाद सुरू.

आकडेमोड
पण फोटो तिरका असेल तर? मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत कडेची वस्तू ताणली जाते.

चक्रधर
रास्त शंका. म्हणून आधी चाक तपासायचं. फोटोत मागच्या चाकाची उंची आणि रुंदी मापा. सारखी आली तर कॅमेरा समोरून होता. रुंदी कमी आली तर फोटो बाजूने तिरका आहे, आणि मग चेनची आडवी अंतरं आखडलेली असतात पण चक्राची उंची आखडत नाही, म्हणजे दाते जास्त येतील. सागरवाट, तुमच्या फोटोत चाक जवळपास गोलच आहे, मी पाहिलं. पुढच्या वेळी फोटो मागवाल तेव्हा पुतण्याला म्हणा, तीन-चार मीटर मागे उभा राहा, चेनच्या उंचीला वाक आणि झूम कर. बाकी चेन फार झिजून लांबली असेल तर दाते थोडे कमी निघतील, पण एक टक्का लांबली तरी मागच्या चक्रावर पाव दाताही बदलत नाही.

रॅलेप्रेमी
वाचून राहवलं नाही. आमच्या राजापूरच्या घरी आजोबांची इंग्लंडहून आणलेली रॅले आहे. पुढे ४६, मागे १८, हाताने मोजलेत. पण मागच्या उजव्या नटातून एक छोटीशी बारीक साखळी बाहेर येते, गंजून तुटलेली. ती कशासाठी? माझं ४६ ÷ १८ बरोबर ना?

चक्रधर
ती गिअरची साखळी, दादा! मागच्या चाकाच्या हबमध्येच तीन गिअर आहेत. दात्यांचा हिशेब तुम्हाला फक्त मधला गिअर देईल, म्हणजे साधारण ५.६ मीटर. स्टर्मी-आर्चरचा नेहमीचा तीन गिअरचा हब असेल तर खालचा त्याच्या पाऊणपट, वरचा एक-तृतीयांशाने जास्त. आणि साखळी तुटलेली असेल तर हब आपोआप वरच्या गिअरवर बसतो, म्हणजे साडेसात मीटरच्या आसपास. सायकल चालवताना जड वाटते का? हबवर काय कोरलंय ते पुसून वाचा.

रॅलेप्रेमी
जड? आमच्याकडे सगळे म्हणतात ही सायकल फक्त उताराची आहे! बघतो.

आकडेमोड
मला मात्र एवढा खटाटोप कशाला कळत नाही. त्या पुतण्याला फोन करून सांगा, सायकल मागे ढकल आणि एका पायडलला किती गेली ते मोज. झालं.

हर्णैकर
मागे का? पुढे ढकलली तरी चालेल की.

आकडेमोड
पुढे ढकलली तर फ्रीव्हील सुटतं, चाक फिरतं, पायडल तिथेच. पायडल मारून पुढे नेली तरी चाक थोडं जास्त घरंगळतं. मागे ढकलली की चाक चेनला ओढतं आणि पायडल उलटं फिरतं. चेन ताणली जाईपर्यंत आधी थोडी मागे घ्यायची, मग पायडल खाली असताना जमिनीवर खडूची खूण, पायडल परत खाली आलं की दुसरी खूण. यात दातेही आले, टायरही आला, हबमधला गिअर असेल तर तोही.

चक्रधर
मान्य, हे फोटोपेक्षा पक्कं आहे. फक्त पुतण्या तयार हवा. आणि जुळवून बघायला आपला आकडा हवाच, नाहीतर तो टेप चुकीची वाचेल आणि आपल्याला कळणारही नाही. आपला अंदाज ४४ ÷ १८ × २.२ = ५.३८ मीटर. मागे १७ असते तर ५.६९, १९ असते तर ५.०९. पुतण्याचं माप यातल्या कशाच्या जवळ येतं ते बघा.

सागरवाट
पुतण्याने केलं! पडवीत दोनदा. दोन्ही वेळा ५ मीटर ३० सेंमी. म्हणतो मागच्या चाकात हवा कमी आहे.

चक्रधर
मग मागे १८ च. आठ सेंमी कमी आले ते हवेमुळे असावेत. टायर दबला की चाकाची प्रभावी त्रिज्या कमी होते.

आकडेमोड
मला नाही पटत. रिकाम्या सायकलवर एवढा दबेल? मला वाटतं २.२ हा घेरच जास्त धरलाय, जुना टायर झिजून पातळ झालेला असणार. हवा भरून परत मोजायला सांगा.

सागरवाट
पंप नाही म्हणे त्यांच्याकडे. असो, मी स्वतः गेल्यावर बघतो. पण मूळ प्रश्न राहिला. ५.४ मीटर आरे-वारेला जड आहे का?

चक्रधर
तिथला चढ जागोजागी बदलतो, म्हणून हिशेबापुरते ८ टक्के धरू. तुम्ही आणि सायकल मिळून ९० किलो. चढावर मागे खेचणारं ओझं सुमारे सव्वासात किलो, रस्त्याचं घर्षण वगैरे धरून ८ म्हणा. एका फेरीत हे ८ किलो तुम्ही ५.३८ मीटर ओढता, आणि तुमचा पाय १७ सेंमीच्या क्रँकवर फक्त १.०७ मीटर फिरतो. म्हणजे पायडलवर सरासरी ४० किलो. पण पाय वर आणि खाली असताना जोर लागतच नाही, त्यामुळे क्रँक आडवा असतानाच्या क्षणाला तो साठच्या पुढे जातो. म्हणजे जवळपास अख्खं शरीर पायडलवर उभं करणं. थोडा वेळ जमतं, अख्खा चढ नाही.

मागे २२ चं फ्रीव्हील घातलं तर एका फेरीला ४.४ मीटर. सरासरी ३३ किलो, मोठ्यात मोठा जोर ५२ च्या आसपास. हर्णैकरांनी सांगितलेले ४.४ तुम्हाला हवेच असतील तर ते असे मिळतील!

हर्णैकर
😄 घ्या. म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं, सायकल चुकीची होती.

केवडा
पण मग भाट्याच्या सपाट रस्त्यावर पाय भरभर फिरणार नाहीत का?

चक्रधर
फिरतील. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर आत्ता १९ किमीचा वेग मिळतो, २२ घातल्यावर १६ च्या थोडा कमी. रोज सपाटीवर जायचं आणि महिन्यातून एकदा चढ, तर मी स्वतः १८ च ठेवून चढावर उतरून ढकलत नेईन. पण हे ज्याच्या त्याच्या गुडघ्यांवर.

निवृत्त_फिटर
मधला मार्ग २० चं फ्रीव्हील, ४.८४ मीटर. आयुष्यभर हेच काम केलंय म्हणून सांगतो, नुसतं फ्रीव्हील बदलून चालत नाही, चेनचं बघायला लागतं. २० घातलं तर चेनला साधारण अर्धा इंच जास्त लागतं. मागचं चाक खाचेत सहा मिमी पुढे सरकवलं की जमतं, अर्थात खाचेत तेवढी जागा हवी. २२ घातलं तर एक इंच लागतं, मग सरळ एक पूर्ण कडी वाढवायची आणि चाक होतं तिथेच ठेवायचं. जुन्या झिजलेल्या चेनला नवी कडी जोडू नका. किनाऱ्याकडच्या सायकलची चेन खाऱ्या हवेने आतून गंजलेली असते, बाहेरून तेल लावून चकचकीत करतात. पाठवलेल्या फोटोत पुढचे दाते एका बाजूला वाकल्यासारखे दिसतायत, म्हणजे चेनबरोबर चक्रही झिजलंय. नवी चेन त्यावर उड्या मारेल.

सागरवाट
तुम्हाला एका फोटोत एवढं दिसलं! म्हणजे पुढचं चक्रही बदलावं लागेल?

निवृत्त_फिटर
गेल्यावर पुढच्या चक्रावरची चेन चिमटीत धरून पुढे ओढा. चक्रापासून सुटून खालचा अर्धा दाता दिसला तर चेन गेली. दात्याचं टोक नखाला टोचत असेल तर चक्रही गेलं. मग किंमत पाडून मागा, आजोबा रागावले तरी.

आकडेमोड
आणि पंप घेऊन जा. मला ते आठ सेंटिमीटर हवेत.